विलीनीकरणात एका शेअरला किती शेअर : गुणोत्तर कसे ठरते आणि मूल्यांकनकाराचा अहवाल कसा वाचावा

लातूर, उदगीर, जालना, नांदेड या पट्ट्यातील अनेक व्यापारी घराण्यांत एकाच कुटुंबाच्या दोन-तीन खासगी मर्यादित कंपन्या असतात. एका कंपनीत डाळ मिल किंवा जिनिंग चालते, दुसरीच्या नावावर रस्त्यालगतची जमीन आणि गोदामे असतात. पहिल्या पिढीत दोन्हीकडचे भागधारक तेच असतात, त्यामुळे कोणत्या कंपनीची किंमत किती, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पुढे वाटण्या होतात, एका भावाकडे मिलचे शेअर जास्त राहतात, दुसऱ्याच्या मुलांकडे गोदामाचे, आणि मग बँक, सीए किंवा घरातली नवी पिढी दोन्ही कंपन्या एकत्र करण्याचा विचार मांडते. विलीनीकरणात रोख पैसे बहुधा कुणाला मिळत नाहीत. जी कंपनी विलीन होते, तिच्या भागधारकांना राहणाऱ्या कंपनीचे नवे शेअर दिले जातात. एका जुन्या शेअरला किती नवे शेअर, हे सांगणारा आकडा म्हणजे शेअर विनिमय गुणोत्तर. व्यवहारात त्याला स्वॅप रेशो म्हणतात. हा लेख अशा घरातील भागधारकांसाठी आणि या कामाला नव्याने लागलेल्या लेखापालांसाठी आहे. सूचिबद्ध कंपन्यांचे वेगळे नियम येथे घेतलेले नाहीत. त्यांना मूल्यांकन अहवालाशिवाय सेबी-नोंदणीकृत मर्चंट बँकरचे रास्ततेबाबतचे मतही घ्यावे लागते, एवढे माहीत असले तरी पुरे.

संपूर्ण विवेचन एकाच उदाहरणावर चालवले आहे. उदाहरण समजण्यासाठी रचलेले आहे आणि त्यातील आकडे सोयीचे आहेत. मिल कंपनी लातूरच्या औद्योगिक वसाहतीत तुरीची डाळ तयार करते. तिचे दर्शनी १० रुपयांचे १०,००,००० शेअर आहेत. गोदाम कंपनीची शहराबाहेर महामार्गालगत बिनशेती जमीन आणि गोदामे आहेत, आणि तिचे दर्शनी १०० रुपयांचे ५०,००० शेअर आहेत. गोदाम कंपनी मिल कंपनीत विलीन व्हायची आहे. गोदामाच्या एका शेअरला मिलचे किती शेअर द्यायचे, एवढेच शोधायचे आहे.

पहिली पायरी : कोणते आकडे बाजूला ठेवायचे

घरच्या बैठकीत पहिली सूचना हमखास दर्शनी किमतीची येते : १०० चा शेअर आहे, १० चे दहा द्या. दर्शनी किंमत ही कंपनी स्थापन होताना ठरवलेली रक्कम असते आणि आजच्या मूल्याशी तिचा संबंध नसतो. दुसरी सूचना ताळेबंदाची येते. पुस्तकी हिशेबाने मिलची निव्वळ संपत्ती ९ कोटी, म्हणजे शेअरमागे ९० रुपये, आणि गोदामाची २ कोटी, म्हणजे शेअरमागे ४०० रुपये आहे. त्यावरून गुणोत्तर साधारण ४.४४ निघते. पण ताळेबंदात जमीन खरेदीच्या वेळच्या किमतीला असते आणि यंत्रे घसारा वजा करून असतात. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली महामार्गालगतची जमीन आणि गेल्या वर्षी घेतलेले कलर सॉर्टर मशीन या दोन्हींना पुस्तकी किमतीने मोजणे म्हणजे एकाला जुन्या रुपयांत आणि दुसऱ्याला आजच्या रुपयांत मोजणे होय.

गुणोत्तराच्या कामात एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. येथे कुठल्याही कंपनीची विक्रीची किंमत ठरवायची नसते, तर दोन कंपन्यांची एकमेकींच्या तुलनेतील किंमत ठरवायची असते. दोन्हींचे मूल्य सारख्याच प्रमाणात कमी धरले गेले, तरी गुणोत्तर बिघडत नाही. पण एकीचे मूल्य एका तारखेला व एका पद्धतीने आणि दुसरीचे दुसऱ्या तारखेला व दुसऱ्या पद्धतीने काढले, तर दोन्ही आकडे स्वतंत्रपणे बरोबर असूनही गुणोत्तर चुकते. मूल्यांकनकाराच्या अहवालाची तपासणी मुख्यतः याच अंगाने करावी.

दुसरी पायरी : मूल्यांकनकाराची नेमणूक

कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ नुसार या कायद्याखाली लागणारे मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराने करायचे असते. त्याची नेमणूक लेखापरीक्षण समिती करते आणि ती समिती नसेल तर संचालक मंडळ करते. छोट्या खासगी कंपन्यांत बहुधा मंडळच करते. नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे असते आणि ती मालमत्तेच्या तीन वर्गांत होते : जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे किंवा वित्तीय मालमत्ता. गुणोत्तर सुचवण्याचा अधिकार तिसऱ्या वर्गातील मूल्यांकनकाराचा आहे. गोदामाच्या जमिनीची किंमत काढायला तो पहिल्या वर्गातील मूल्यांकनकाराचा अहवाल घेतो आणि तसे आपल्या अहवालात नमूद करतो. बँकेच्या कर्जासाठी जमिनीची व्हॅल्युएशन करून देणाऱ्या अभियंत्याकडूनच गुणोत्तरही लिहून घेण्याची चूक आपल्या भागात होते. नाव आणि वर्ग आयबीबीआयच्या संकेतस्थळावर पाहता येतात, तेव्हा नेमणुकीआधी ते पाहून घ्यावे.

त्याच कलमात मूल्यांकनकाराची कर्तव्ये सांगितली आहेत. मूल्यांकन निःपक्षपाती, खरे व रास्त असावे, योग्य ती काळजी घेतलेली असावी, आणि ज्या मालमत्तेत नेमणुकीपूर्वीच्या तीन वर्षांत किंवा मूल्यांकनानंतरच्या तीन वर्षांत त्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे अथवा येतो, तिचे मूल्यांकन त्याने करू नये. दोन्ही कंपन्यांची पुस्तके लिहिणारे घरचे सीए कितीही सचोटीचे असले तरी हे काम त्यांच्याकडे देऊ नये असे माझे मत आहे, कारण पुढच्या पायरीत ज्या व्यवहारांना धक्का लावावा लागतो ते बहुतेक त्यांच्याच सल्ल्याने झालेले असतात.

दोन कंपन्यांनी दोन वेगवेगळे मूल्यांकनकार नेमावेत की दोन्ही मंडळांनी ठराव करून एकच नेमावा, हा प्रश्न नेहमी येतो. कायद्याने एकाला मनाई नाही, आणि कुटुंबातील कंपन्यांसाठी मला एकच नेमणे बरे वाटते. दोन अहवालांच्या तारखा आणि गृहीतके जुळवता जुळवता शेवटी आकडा तडजोडीने ठरतो, आणि तडजोडीमागचे कारण कुठेच लिहिले जात नाही. मात्र नेमणुकीच्या पत्रात दोन्ही कंपन्यांची नावे, मूल्यांकनाचा दिनांक आणि कामाचा हेतू स्पष्ट लिहिलेला असावा.

तिसरी पायरी : नफा स्वच्छ करणे

गुणोत्तराचा न्याय बहुतांशी या पायरीत ठरतो, आणि भागधारकांचे सर्वांत कमी लक्ष हिच्याकडे असते. लोक कोणत्या पद्धतीने मूल्य काढले यावर भांडतात, पण पद्धतीत घातलेला नफा कुठून आला हे पाहत नाहीत.

मिलचा गेल्या तीन वर्षांचा करोत्तर नफा अनुक्रमे १.१० कोटी, २.६० कोटी आणि १.७० कोटी आहे, म्हणजे सरासरी १.८० कोटी. मधल्या वर्षी तुरीचे भाव चढले आणि आधी भरलेल्या मालावर मोठा नफा झाला. तो अपवादात्मक म्हणून वगळावा, अशी मागणी गोदामाकडून येऊ शकते. पण डाळ मिलच्या धंद्यात माल भरून ठेवणे आणि भावाच्या चढउताराचा फायदा-तोटा सोसणे हे नेहमीचेच आहे. तीन वर्षांची सरासरी घेतली की चांगले आणि वाईट वर्ष दोन्ही त्यात येतात, म्हणून येथे तो नफा वगळलेला नाही. जळालेल्या मालाचा विमा किंवा जुने यंत्र विकून झालेला नफा असता तर तो वगळणे योग्य ठरले असते, कारण तो धंद्यातून आलेला नसतो.

आता गोदामाकडे पाहू. गोदाम कंपनीचा सरासरी करोत्तर नफा २२ लाख आहे. तिच्या हिशेबातील संबंधित पक्षांच्या व्यवहारांची टीप वाचली की दिसते की ३०,००० चौरस फुटांचे एक गोदाम मिल कंपनीकडे भाड्याने आहे आणि त्याचे भाडे महिना १ लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख आहे. त्याच आवारातील दुसरी गोदामे बाहेरच्या व्यापाऱ्यांना चौरस फुटाला महिना १० रुपयांनी दिलेली आहेत. त्या दराने या गोदामाचे भाडे महिना ३ लाख, वर्षाला ३६ लाख व्हायला हवे. मालक एकच होते तेव्हा भाडे कमी ठेवले काय आणि जास्त ठेवले काय, पैसा घरातच राहत होता. भागधारक वेगळे झाल्यावर मात्र गोदामवाल्यांचे वर्षाला २४ लाख मिलच्या नफ्यात दिसत राहिले.

मूल्यांकनकाराने हे दुरुस्त करायचे असते. २४ लाखांवरचा कर सोयीसाठी २५ टक्के धरला तर करोत्तर फरक १८ लाख होतो. मिलचा नफा १.८० कोटींवरून १.६२ कोटींवर येतो आणि गोदामाचा २२ लाखांवरून ४० लाखांवर जातो. विलीनीकरणानंतर हे भाडे उरणारच नाही, मग ते दुरुस्त कशाला करायचे, अशी शंका येते. त्याचे उत्तर असे की प्रत्येक कंपनी स्वतंत्रपणे किती मूल्य घेऊन येते, हे गुणोत्तर मोजते. एकत्र आल्यामुळे पुढे जो खर्च वाचेल किंवा फायदा वाढेल तो दोन्हीकडच्या भागधारकांना नव्या हिश्शाप्रमाणे मिळतोच, म्हणून तो एकाच कंपनीच्या मूल्यात धरायचा नसतो.

अशीच तपासणी संचालकांच्या पगाराची, घरातल्यांनी कंपनीला दिलेल्या बिनव्याजी कर्जांची आणि एका कंपनीने दुसरीच्या कर्जाला दिलेल्या हमीची करावी. गणिताचा मार्ग वरच्यासारखाच असल्याने ती येथे विस्ताराने देत नाही.

चौथी पायरी : मूल्य काढणे आणि भारांक देणे

मूल्यांकनाचे तीन दृष्टिकोन मानले जातात : बाजाराचा, उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा. बाजाराच्या दृष्टिकोनासाठी तुलनेला सूचिबद्ध कंपन्या किंवा अलीकडचे व्यवहार लागतात. लातूरच्या एका डाळ मिलशी देशभर पसरलेल्या मोठ्या अन्नप्रक्रिया कंपनीची तुलना करण्यात अर्थ नाही, आणि गोदाम कंपनीसाठीही जवळची तुलना मिळत नाही. म्हणून हा दृष्टिकोन दोन्हींसाठी सोडला. अहवालात तो का सोडला याचे कारण लिहिलेले असलेच पाहिजे. रकान्यात नुसते ‘लागू नाही’ लिहून भागत नाही.

उत्पन्नाच्या दृष्टिकोनात मूल्यांकनकार बहुधा भावी रोख प्रवाहांचे आजचे मूल्य काढतो. येथे सोपे जावे म्हणून स्वच्छ केलेल्या नफ्याचे भांडवलीकरण करू. म्हणजे नफ्याला अपेक्षित परताव्याच्या दराने भागायचे. मिलचा धंदा भावावर हेलकावे खाणारा आहे म्हणून १८ टक्के दर धरला, आणि भाड्याचे उत्पन्न स्थिर असते म्हणून गोदामासाठी १२.५ टक्के धरला. मिलचे मूल्य १.६२ कोटी भागिले १८ टक्के, म्हणजे ९ कोटी, शेअरमागे ९० रुपये. गोदामाचे ४० लाख भागिले १२.५ टक्के, म्हणजे ३.२० कोटी.

गोदामाच्या आवारालगत एक एकर मोकळी जमीन आहे, जिच्यातून काहीच उत्पन्न येत नाही. उत्पन्नाच्या हिशेबात ती कुठेच मोजली गेली नाही, म्हणून ती वेगळी धरावी लागते. तिची बाजारकिंमत १.२० कोटी आणि विकल्यास लागणारा कर अंदाजे २० लाख धरला, तर १ कोटी जमा होतात. गोदामाचे एकूण मूल्य ४.२० कोटी, शेअरमागे ८४० रुपये. उत्पन्नाच्या दृष्टिकोनाने गुणोत्तर ९.३३ झाले.

भाड्याची दुरुस्ती केली नसती तर काय झाले असते, हे येथेच पडताळावे. मिल १० कोटी, शेअरमागे १०० रुपये. गोदाम १.७६ कोटी अधिक १ कोटी, म्हणजे २.७६ कोटी, शेअरमागे ५५२ रुपये. गुणोत्तर ५.५२. त्या आकड्याने गोदामवाल्यांचा एकत्रित कंपनीतील हिस्सा सुमारे २१.६ टक्के राहिला असता आणि दुरुस्त आकड्याने तो सुमारे ३१.८ टक्के होतो. भाड्यातील महिना २ लाखांच्या सवलतीने एकत्रित कंपनीचा दहा टक्के हिस्सा या बाजूचा त्या बाजूला गेला असता, आणि पद्धत मात्र दोन्ही वेळा निर्दोषच दिसली असती.

मालमत्तेच्या दृष्टिकोनात सगळी मालमत्ता आजच्या किमतीला आणून देणी वजा करतात. मिलच्या पुस्तकी ९ कोटींत इमारत व यंत्रांच्या वाढीव किमतीचे २ कोटी मिळवले आणि वसूल न होणाऱ्या उधारीचे ५० लाख वजा केले, की १०.५० कोटी, शेअरमागे १०५ रुपये होतात. गोदामाची वापरातली जमीन व शेड ५ कोटी, मोकळी जमीन करवजा १ कोटी आणि इतर निव्वळ ३० लाख मिळून ६.३० कोटी, शेअरमागे १२६० रुपये. या दृष्टिकोनाने गुणोत्तर थेट १२ होते.

जमीन ज्यांची आहे ते साहजिकच याच आकड्यावर बोट ठेवतात. “आमची जमीन महामार्गावरची आहे, तिचा भाव धरा,” असे गोदामाकडचे काका म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. पण शेडखालची जमीन कुणी विकणार नाही. तिच्यावर धंदा चालू राहणार आहे आणि तिचे मूल्य तिच्या भाड्यातून मिळणार आहे. चालू राहणाऱ्या धंद्यांच्या विलीनीकरणात म्हणूनच उत्पन्नाला जास्त आणि मालमत्तेला कमी भारांक देतात. येथे ७५ आणि २५ टक्के दिले. मिल : ९० चे ७५ टक्के आणि १०५ चे २५ टक्के मिळून ९३.७५ रुपये. गोदाम : ८४० चे ७५ टक्के आणि १२६० चे २५ टक्के मिळून ९४५ रुपये. गुणोत्तर १०.०८, आणि पूर्णांकात गोदामाच्या एका शेअरला मिलचे १० शेअर. नवे ५,००,००० शेअर निघतील आणि १५,००,००० पैकी एक तृतीयांश हिस्सा गोदामवाल्यांकडे येईल.

७५ आणि २५ हे भारांक कायद्यात लिहिलेले नाहीत. तो मूल्यांकनकाराचा विवेक आहे आणि त्याची कारणे त्याने द्यायची असतात. मात्र भारांक दोन्ही कंपन्यांना तेच लावले पाहिजेत. ते बदलले तर काय होते ते पाहा : मिल मालमत्तेने आणि गोदाम उत्पन्नाने मोजले तर ८४० भागिले १०५, म्हणजे ८. उलट केले तर १२६० भागिले ९०, म्हणजे १४. त्याच दोन कंपन्या आणि तेच खरे आकडे असूनही ८ पासून १४ पर्यंत हवे ते गुणोत्तर लिहिता येते. कंपन्यांचे स्वरूप फार वेगळे असेल तर मूल्यांकनकार कधी वेगळे भारांक देतो, पण तेव्हा त्याच्या कारणांचा परिच्छेद सर्वांत बारकाईने वाचावा.

परताव्याचा दर हाही असाच नाजूक आकडा आहे. मिलसाठी १८ ऐवजी १७ टक्के धरला तर उत्पन्नाने मिलचा शेअर सुमारे ९५.३० रुपयांचा होतो आणि त्या दृष्टिकोनाचे गुणोत्तर ९.३३ वरून ८.८१ वर येते. म्हणून चांगला अहवाल दर बदलल्यास गुणोत्तर कुठपर्यंत हलते हे दाखवतो. एकच आकडा देऊन गप्प बसणाऱ्या अहवालाच्या लेखकाला तो पट्टा विचारून घ्यावा. आपले गुणोत्तर त्या पट्ट्यात बसते का, हा रास्ततेचा खरा प्रश्न आहे. १०.०८ चे १० केले यात अन्याय शोधणे व्यर्थ आहे.

जमिनीच्या कागदांबद्दल

मराठवाड्यात हा भाग स्वतंत्रपणे पाहावा लागतो. रेडीरेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. त्यालाच बाजारभाव मानून जमीन मोजलेली दिसली तर जमीन मूल्यांकनकाराने आसपासचे प्रत्यक्ष व्यवहार पाहिले का, ते विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सातबारावर भूधारणेच्या रकान्यात ‘भोगवटादार वर्ग २’ आहे का, हे पाहावे. निजामाच्या काळातील इनामांतून आलेल्या जमिनी आपल्याकडे बऱ्याच आहेत, आणि वर्ग २ ची जमीन हस्तांतरित करायला परवानगी व नजराणा लागू शकतो. वरच्या उदाहरणात मोकळा एकर वर्ग १ धरला आहे. तो वर्ग २ निघाला आणि त्यापोटी ४० लाख कमी धरावे लागले, तर गोदामाचा शेअर ९४५ वरून ८६५ रुपयांवर येतो आणि गुणोत्तर १०.०८ वरून ९.२३ होते. फेरफार आणि बिनशेतीचा आदेश मूल्यांकनकाराला दाखवले होते का, हे अहवालातील ‘माहितीचे स्रोत’ या भागावरून कळते.

पाचवी पायरी : अहवाल हातात आल्यावर

२०१७ च्या नोंदणीकृत मूल्यांकनकार नियमांनी अहवालात काय असावे हे सांगितले आहे. नेमणूक कुणी आणि केव्हा केली, मूल्यांकनाचा व अहवालाचा दिनांक, हितसंबंधाची घोषणा, कोणती पाहणी केली, कोणती माहिती वापरली, कोणती मानके व पद्धती पाळल्या, निष्कर्ष आणि मर्यादा, हे सर्व त्यात असते. सुरुवात मर्यादांपासून करावी असे मी सांगेन. मूल्यांकनकार लेखापरीक्षण करत नाही. व्यवस्थापनाने दिलेले आकडे आणि अंदाज तो ढोबळ सुसंगतता पाहून स्वीकारतो आणि तसे लिहितो. भाड्याचा करार त्याला दाखवलाच नसेल तर तो भाडे दुरुस्त करू शकणार नाही, आणि दोष त्याच्या गणितात सापडणार नाही.

अहवाल गुणोत्तर सुचवतो. ते स्वीकारण्याचा निर्णय दोन्ही संचालक मंडळे घेतात आणि विलीनीकरणाच्या योजनेचा मसुदा त्यावर बांधतात. कलम २३० ते २३२ खालची योजना महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे जाते. सभा बोलावली की सूचनेसोबत योजनेचा मसुदा, मूल्यांकन अहवाल आणि संचालकांचे निवेदन भागधारकांना मिळते. त्या निवेदनात गुणोत्तर आणि मूल्यांकनात आलेल्या खास अडचणी सांगायच्या असतात. आपल्या उदाहरणातील सवलतीचे भाडे ही अशीच अडचण आहे, आणि निवेदनात तिचा उल्लेख नसेल तर सभेपूर्वी तो लेखी मागावा. सूचना सभेच्या किमान एक महिना आधी पोहोचायला हवी, आणि तेवढ्या मुदतीत वर दाखवलेले गणित स्वतः मांडून पाहता येते.

मंजुरीसाठी सभेत मत देणाऱ्यांपैकी संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन चतुर्थांश पाठिंबा लागतो. योजनेला हरकत घेण्यासाठी किमान १० टक्के भागधारणा किंवा कंपनीच्या एकूण देय कर्जाच्या किमान ५ टक्के रक्कम येणे असावी लागते. दोन-तीन टक्क्यांच्या भागधारकाने म्हणूनच एकटे राहू नये आणि चुलत्या-मावसभावांशी आधीच बोलून ठेवावे. लहान व काही ठरावीक कंपन्यांना कलम २३३ चा जलद मार्ग खुला आहे. तो प्रादेशिक संचालकांकडून जातो आणि तेथे एकूण शेअरपैकी किमान ९० टक्क्यांची संमती लागते, त्यामुळे लहान भागधारकांच्या गटाला तेथे अधिक वजन असते.

न्यायाधिकरण स्वतः नवे मूल्यांकन करील अशी अपेक्षा धरू नये. टाटा ऑइल मिल्स आणि हिंदुस्थान लिव्हर यांच्या विलीनीकरणात टाटा ऑइल मिल्सच्या १५ शेअरला हिंदुस्थान लिव्हरचे २ असे गुणोत्तर होते. त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये फेटाळले आणि अनेक पद्धती एकत्र करून मूल्य काढणे मान्य केले. १९९६ च्या मिहीर मफतलाल प्रकरणातही न्यायालयाने हेच धोरण ठेवले की तज्ज्ञाने काढलेल्या आणि भागधारकांनी मोठ्या बहुमताने स्वीकारलेल्या गुणोत्तरावर न्यायालय अपिलात बसत नाही. वेगळ्या पद्धतीने वेगळा आकडा येतो, एवढ्याने हरकत टिकत नाही. सवलतीचे भाडे दुरुस्त केलेले नाही, दोन कंपन्यांच्या मूल्यांकनाच्या तारखा वेगळ्या आहेत, मोकळा एकर दोनदा धरला किंवा धरलाच नाही, मूल्यांकनकाराचा हितसंबंध लपवला, अशा दाखवता येणाऱ्या दोषावर मात्र हरकत उभी राहू शकते.

अहवालानंतर बदलणाऱ्या गोष्टी

अहवालाचा दिनांक आणि योजना अमलात येण्याचा दिवस यांत अनेक महिने जातात, आणि तेवढ्यात केलेल्या साध्या ठरावाने गुणोत्तर शिळे होते. मिलने मधल्या काळात एकास एक बोनस शेअर दिले तर तिचे शेअर दुप्पट होतात, आणि १० ऐवजी २० द्यावे लागतात. बोनसचा बदल सहज दिसतो आणि बहुतेक योजनांत त्याचे कलम असते. लाभांशाचे तसे नाही. मिलने आपल्या भागधारकांना १ कोटीचा लाभांश वाटला तर शेअरमागे १० रुपये बाहेर जातात, ९३.७५ चे ८३.७५ होतात आणि तेच गुणोत्तर सुमारे ११.२८ असायला हवे होते. गोदामवाल्यांना तो लाभांश मिळालेला नसतो आणि शेअर मात्र १० च मिळतात. म्हणून मसुद्यात असे कलम मागून घ्यावे, की मूल्यांकनाच्या दिनांकापासून योजना लागू होईपर्यंत कोणतीही कंपनी ठरलेल्या मर्यादेपलीकडे लाभांश देणार नाही, नवे शेअर काढणार नाही, स्वतःचे शेअर परत घेणार नाही आणि जमीन विकणार नाही. यातील काही करावेच लागले तर त्याच मूल्यांकनकाराकडून सुधारित गुणोत्तराचे पत्र घेऊन ते दोन्ही मंडळांपुढे ठेवले जाईल, हेही त्याच कलमात असावे.